‘खोटे इशारे’ वाचून स्पेसिफिसिटीवर खूण करता आणि उत्तर चुकतं? आधी भागिले कोण ते शोधा

दरवर्षी पीएसएमच्या उजळणीत हा प्रश्न मी एकदा तरी फळ्यावर लिहिते.

एका तालुक्यात २००० प्रौढांना प्रश्नावली विचारून मधुमेहाची चाळणी केली. ८६३ जणांना ‘धोका जास्त’ म्हणून रक्त तपासायला बोलावलं. त्यांतल्या १४५ जणांना मधुमेह निघाला, ७१८ जणांची साखर व्यवस्थित होती. तालुका आरोग्य अधिकारी म्हणतात, बोलावलेल्या दर सहा माणसांतली पाच उगाच आली. ही तक्रार चाचणीच्या कोणत्या मापाबद्दल आहे?

बहुतेक हात स्पेसिफिसिटीसाठी वर होतात. काही जण सेन्सिटिव्हिटी म्हणतात. उत्तर दोन्ही नाही. गंमत म्हणजे या मुलामुलींना व्याख्या झोपेतून उठवून विचारल्या तरी येतात. सुटलेले रुग्ण म्हणजे फॉल्स निगेटिव्ह, त्यांचा संबंध सेन्सिटिव्हिटीशी. खोटे इशारे म्हणजे फॉल्स पॉझिटिव्ह, त्यांचा संबंध स्पेसिफिसिटीशी. हे बरोबरच आहे. तरीही टेस्ट सिरीजमध्ये याच प्रकारचे मार्क पुन्हा पुन्हा जातात, आणि ‘मॅडम, कळतं सगळं पण ऑप्शन उलटा निवडला जातो’ असा निरोप येतो. म्हणून ही चूक कुठून येते आणि ती कशी काढायची, ते एकदा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट शब्दांची. ‘सेन्सिटिव्ह’चं मराठी आपण संवेदनशील करतो, आणि संवेदनशील म्हटलं की जराशा स्पर्शाने रडणारं मूल डोळ्यांसमोर येतं. मग मेंदू असा धावतो: संवेदनशील चाचणी जरा काही दिसलं की ओरडणार, म्हणजे खोटे इशारे देणार, म्हणजे खोट्या इशाऱ्यांचा प्रश्न सेन्सिटिव्हिटीचाच. यातला निम्मा भाग खरा आहे. चाचणीचा उंबरठा सैल केला तर सेन्सिटिव्हिटी वाढते आणि सोबत खोटे इशारेही वाढतात. पण ते सोबत येतात, इतकंच. खोटे इशारे मोजायला सेन्सिटिव्हिटीच्या सूत्रात जागाच नाही. त्या सूत्रात फक्त आजारी माणसं आहेत. निरोगी माणसांना चाचणीने काय सांगितलं, याची त्याला खबरही नसते. स्पेसिफिसिटीचं बरोबर उलट. ती फक्त निरोगी माणसांत मोजतात, आजाऱ्यांतले किती सुटले ते तिला कळत नाही.

```
सेन्सिटिव्हिटी   = TP / (TP + FN)
स्पेसिफिसिटी    = TN / (TN + FP)
पॉझिटिव्ह प्रेडिक्टिव्ह व्हॅल्यू = TP / (TP + FP)
```

अंशाकडे सगळेच बघतात. चूक छेदात, म्हणजे ‘भागिले’च्या पुढे होते. FP दोन ठिकाणी छेदात आहे, स्पेसिफिसिटीत आणि पॉझिटिव्ह प्रेडिक्टिव्ह व्हॅल्यूत. म्हणजे ‘खोटे इशारे’ हा शब्द दोन वेगळ्या मापांकडे बोट दाखवू शकतो. निरोगी लोकांपैकी कितींना खोटा इशारा मिळाला, हा एक प्रश्न. ज्यांना इशारा मिळाला त्यांपैकी कितींचा खोटा होता, हा दुसरा. ऐकायला सारखेच वाटतात, पण उत्तरं दोन टोकांची येऊ शकतात.

तालुका अधिकाऱ्यांची तक्रार दुसऱ्या प्रकारची आहे. ‘बोलावलेल्या सहांतली पाच’ असं ते म्हणतात, म्हणजे भागिले ‘बोलावलेले’. ८६३ पैकी १४५ खरे, सुमारे १७ टक्के. ही पॉझिटिव्ह प्रेडिक्टिव्ह व्हॅल्यू झाली. स्पेसिफिसिटी काढायची तर आधी तालुक्यात निरोगी किती होते ते हवं, आणि प्रश्नात ते दिलेलंच नाही.

म्हणून पहिली दुरुस्ती अशी. ‘मिस्ड’ किंवा ‘फॉल्स अलार्म’ या शब्दांवर पेन टेकवू नका. स्टेममध्ये ‘पैकी’ शोधा. पेपर इंग्रजीत असतो, तिथे ‘ऑफ’ किंवा ‘अमंग’च्या पुढे जे लोक येतात ते तुमचं भागिले. ते आजार असलेले लोक असतील तर सेन्सिटिव्हिटी, आजार नसलेले असतील तर स्पेसिफिसिटी. पॉझिटिव्ह किंवा निगेटिव्ह रिपोर्ट हातात असलेले लोक असतील तर प्रेडिक्टिव्ह व्हॅल्यू, मग वाक्यात रुग्ण ‘सुटले’ असोत की इशारे ‘खोटे’ असोत. निगेटिव्ह रिपोर्ट घेऊन घरी गेलेल्यांपैकी कितींना प्रत्यक्षात आजार होता, हाही प्रश्न सुटलेल्या रुग्णांचाच आहे, पण त्याचं उत्तर निगेटिव्ह प्रेडिक्टिव्ह व्हॅल्यूतून निघतं.

फळ्यावरचे आकडे मी हवेतून घेतलेले नाहीत. चेन्नईत डॉ. मोहन आणि सहकाऱ्यांनी बेतलेला इंडियन डायबेटिस रिस्क स्कोअर २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यात चार गोष्टी विचारतात: वय, कंबरेचा घेर, शारीरिक श्रम आणि आईवडिलांना मधुमेह आहे का. एकूण गुण १००. ६० किंवा जास्त आले की धोका जास्त. या उंबरठ्यावर सेन्सिटिव्हिटी ७२.५ टक्के आणि स्पेसिफिसिटी ६०.१ टक्के आली, पॉझिटिव्ह प्रेडिक्टिव्ह व्हॅल्यू १७ टक्के. आता असा तालुका धरा जिथे निदान न झालेला मधुमेह दर दहांत एकाला आहे. २००० जणांत २०० आजारी, १८०० निरोगी. चौकट अशी भरते:

```
              मधुमेह आहे   मधुमेह नाही   एकूण
धोका जास्त        145          718        863
धोका कमी           55         1082       1137
एकूण              200         1800       2000
```

उभ्या रकान्यांत वरून खाली पाहिलं की सेन्सिटिव्हिटी आणि स्पेसिफिसिटी मिळते. आडव्या ओळीत पाहिलं की प्रेडिक्टिव्ह व्हॅल्यू. परीक्षेत घाई असली तरी ही चौकट कोपऱ्यात काढाच, एका मिनिटाचं काम आहे. आकडे दिले नसतील तर १००० माणसं स्वतः घ्या आणि भरा. चौकट भरल्यावर भागिले चुकणं अवघड जातं, कारण तुम्हाला बोट एका रकान्यावर किंवा एका ओळीवर ठेवावंच लागतं.

इथे एक सवय मोडायला हवी. ‘पॉझिटिव्हपैकी बरेच खोटे निघाले’ वाचलं की ‘म्हणजे चाचणीची स्पेसिफिसिटी वाईट’ असा निष्कर्ष काढू नका. समजा आजार हजारात एकाला आहे, चाचणीची सेन्सिटिव्हिटी १०० टक्के आणि स्पेसिफिसिटी ९९ टक्के. एक लाख लोक तपासले तर १०० खरे रुग्ण सापडतील आणि ९९९ निरोगी माणसांना खोटा इशारा मिळेल. अकरांतले दहा पॉझिटिव्ह खोटे, आणि तरी स्पेसिफिसिटी ९९! दोष चाचणीचा नाही, आजार दुर्मिळ आहे त्याचा आहे. तीच चाचणी आजार जास्त असलेल्या गटात वापरली तर पॉझिटिव्ह प्रेडिक्टिव्ह व्हॅल्यू आपोआप वर जाते, चाचणीत काडीचाही बदल न करता. म्हणून ‘खोटे इशारे कमी करण्यासाठी काय कराल’ या प्रश्नाला ‘जास्त धोका असलेला गट निवडा’ हा ऑप्शन असेल तर तो हसून सोडू नका. भागिले पॉझिटिव्ह लोक असतील तर तो अगदी योग्य उपाय आहे. भागिले निरोगी लोक असतील तर मात्र त्याने फरक पडत नाही.

दुसरी ठेच कट-ऑफला लागते. ‘कट-ऑफ खाली आणला की सेन्सिटिव्हिटी वाढते’ असं पाठ केलेलं असतं. साखरेला ते लागू आहे, कारण तिथे आजार वरच्या बाजूला आहे. रिस्क स्कोअरलाही लागू आहे. पण शेवटच्या तिमाहीतल्या गरोदर बाईचं हिमोग्लोबिन घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषाप्रमाणे ११ ग्रॅमच्या खाली म्हणजे ॲनिमिया. शिबिरात कुणी ठरवलं की ११ ऐवजी १० च्या खालच्यांनाच पुढे पाठवू, तर कट-ऑफ खाली आला आणि सेन्सिटिव्हिटी कमी झाली. १० ते ११ मधल्या सगळ्या बायका सुटल्या. वर-खाली पाठ करू नका. स्वतःला इतकंच विचारा की या बदलाने ‘पॉझिटिव्ह’ म्हटली जाणारी माणसं वाढली की घटली. वाढली तर सेन्सिटिव्हिटी वाढेल किंवा निदान तेवढीच राहील, आणि स्पेसिफिसिटी घसरेल किंवा फार तर तेवढीच राहील. घटली तर उलट. जास्त माणसांना पॉझिटिव्ह म्हणून आजारी कमी सापडतील, असं कुठल्याच कट-ऑफला होऊ शकत नाही.

हाच नियम दोन चाचण्या जोडतानाही चालतो, वेगळं पाठांतर लागत नाही. क्षयाच्या चाळणीत खोकला, ताप, वजन घटणं आणि रात्रीचा घाम यांतलं कुठलंही एक लक्षण असलं तरी माणसाला पुढे पाठवतात. ‘कुठलंही एक’ म्हटलं की पॉझिटिव्ह वाढतात, सेन्सिटिव्हिटी वाढते. याला पॅरलल म्हणायचं. पुढे त्याच माणसाचा बेडका सीबीनॅट किंवा ट्रूनॅटवर जातो आणि तिथेही पॉझिटिव्ह आला तरच जंतूंचा पुरावा मिळालेला क्षय म्हणतात. ‘दोन्हींत पॉझिटिव्ह हवा’ म्हटलं की पॉझिटिव्ह घटतात, स्पेसिफिसिटी वाढते. ही सिरीज.

आता खरा अवघड भाग. काही स्टेममध्ये काहीच मोजायला सांगत नाहीत. ‘कोणत्या गुणाला प्राधान्य द्याल’ एवढंच विचारतात. तिथे भागिले शोधून भागत नाही, कुठली चूक जास्त महाग आहे ते ठरवावं लागतं. क्लासच्या नोट्समध्ये याचं उत्तर एका ओळीत असतं: आजार गंभीर आणि उपचार असलेला, तर सेन्सिटिव्हिटी, निदानाने माणसाचं नुकसान होणार, तर स्पेसिफिसिटी. ओळ बरोबर आहे, पण तिच्यातलं कारण न कळल्याने ती उलटी लागते. कारण समजायला एचआयव्हीच्या एकाच रिॲक्टिव्ह एलायझाकडे दोन खोल्यांतून पाहू.

पहिली खोली रक्तपेढी. दात्याच्या रक्तावर चाचणी झाली, रिॲक्टिव्ह आली. नॅकोच्या धोरणात इथे एकच चाचणी पुरते. रिॲक्टिव्ह आली की पिशवी फेकायची. समजा इशारा खोटा होता, तर नुकसान एका पिशवीचं. आणि चाचणीने खरा संसर्ग सोडला असता तर ते रक्त कुणाच्या तरी शिरेत गेलं असतं, तिथून परत आणायचा मार्ग नाही. इथे सेन्सिटिव्हिटीच हवी, तीही मिळेल तेवढी. विंडो पिरियडमधला दाता तरीही सुटू शकतो, म्हणून काही रक्तपेढ्या नॅट चाचणी जोडतात.

दुसरी खोली आयसीटीसी. समोर एक लक्षणं नसलेली बाई बसली आहे आणि तिला तुम्ही ‘तुम्हाला एचआयव्ही आहे’ असं सांगणार आहात. इथे खोट्या इशाऱ्याची किंमत पिशवीएवढी नाही. तिचं लग्न, तिचं घर, तिचं मन त्यात आहे. म्हणून लक्षणं नसलेल्या माणसासाठी तीन वेगवेगळ्या चाचण्या लागतात, आणि तिन्ही रिॲक्टिव्ह आल्या तरच निदान. पहिली चाचणी जास्तीत जास्त सेन्सिटिव्ह निवडतात, म्हणजे पहिल्या दारात कुणी सुटू नये. पुढच्या दोन जास्त स्पेसिफिक, म्हणजे शेवटच्या दारातून चुकीचं कुणी बाहेर पडू नये.

त्यामुळे ‘एचआयव्ही चाचणीसाठी काय महत्त्वाचं’ या प्रश्नाला एकच उत्तर नाही. स्टेममध्ये रक्तपेढी आहे की निदान, पहिली चाचणी आहे की पक्कं करणारी, हे वाचल्याशिवाय ऑप्शनकडे जाऊच नका. ‘एचआयव्ही म्हणजे सेन्सिटिव्हिटी’ अशी आजारावर चिकटवलेली चिठ्ठी ज्यांनी पाठ केली, त्यांचेच मार्क इथे जातात.

या दोन खोल्यांतून एक गोष्ट दिसते, आणि चाळणीचा सगळा प्रश्न मला वाटतं तिच्यावर उभा आहे. पुढची चाचणी खोटा इशारा दुरुस्त करू शकते, पण सुटलेला रुग्ण परत आणू शकत नाही. निगेटिव्ह आलेला माणूस पुढच्या दारात जातच नाही. म्हणून पुढे पक्कं करणारी तपासणी असेल, ती स्वस्त आणि निरुपद्रवी असेल, तर पहिल्या पायरीवर सेन्सिटिव्हिटीकडे झुकायचं. पुढची तपासणी बायॉप्सीसारखी शरीराला टोचणारी असेल, किंवा पुढे काही तपासणीच नसेल आणि थेट उपचार सुरू होणार असतील, तर खोट्या इशाऱ्याला दुरुस्त करणारं कुणी नाही. मग स्पेसिफिसिटीचं पारडं जड होतं.

पारडं किती जड, हे आकड्यात मांडता येतं, आणि निदान एकदा तरी मांडून पाहावं. आपल्याच तालुक्यात रिस्क स्कोअरचा उंबरठा ६० वरून ५० वर आणायचा विचार आहे. समजा त्याने सेन्सिटिव्हिटी ८५ टक्के झाली आणि स्पेसिफिसिटी ४५ टक्क्यांवर आली. हे दोन आकडे मी हिशेबासाठी धरले आहेत, अभ्यासातले नाहीत. २०० पैकी आता १७० सापडले, म्हणजे २५ रुग्ण जास्त. १८०० पैकी ९९० निरोगी लोकांना बोलावलं, म्हणजे २७२ खोटे इशारे जास्त. भागाकार केला तर दर एका जास्तीच्या रुग्णामागे सुमारे अकरा निरोगी माणसांना जास्तीची रक्ततपासणी करावी लागली.

आता निर्णय सेन्सिटिव्हिटी-स्पेसिफिसिटीच्या भाषेत राहत नाही, माणसांच्या भाषेत येतो. अकरा जणांच्या बोटाला सुई टोचून एक मधुमेही आधीच सापडत असेल, तर मी उंबरठा ५० वर आणीन. ग्लुकोमीटरची पट्टी, अर्ध्या दिवसाची मजुरी बुडणं, थोडी काळजी, एवढी ती किंमत आहे. तिच्या बदल्यात एका माणसाचे डोळे आणि मूत्रपिंडं वाचण्याची शक्यता मिळते. पण हाच अकरास एक हिशेब अकरा जणांच्या बायॉप्सीचा असेल, तर मी थांबीन आणि त्या बायॉप्सीत काय बिघडू शकतं ते आधी विचारीन. उपकेंद्रात पट्ट्याच महिन्याला पाचशे येत असतील तर उत्तर पुन्हा बदलेल, कारण ११६० जणांना बोलावून निम्म्याहून जास्त जणांना परत पाठवणं हे चाळणी न करण्याहून वाईट आहे. परत गेलेला माणूस पुढच्या वेळी येत नाही.

परीक्षेतला स्टेम तुम्हाला या सगळ्या गोष्टी एका वाक्यात देतो. पुढची तपासणी काय आहे, उपचार आहे का, आजार किती जणांना आहे. ते वाक्य बहुतेक वेळा स्टेमच्या मधोमध असतं आणि घाईत सुटतं. शेवटची ओळ आधी वाचण्याची सवय चांगलीच, पण ‘प्राधान्य’ हा शब्द दिसला की मधल्या ओळी परत वाचा.

मला एका विद्यार्थिनीने विचारलं होतं, मग मधुमेहाच्या स्कोअरने मुळात ७२.५ टक्क्यांवर समाधान का मानलं? चाळणी तर सेन्सिटिव्ह हवी ना? प्रश्न अगदी बरोबर होता. या स्कोअरमध्ये रक्ताचा थेंबही लागत नाही. चार प्रश्न आणि कंबरेला एक टेप. एवढ्या स्वस्त साधनातून दोन्ही बाजू सांभाळायच्या तर कुठेतरी मधला बिंदू घ्यावा लागतो. आणि कोण सुटतं तेही बघण्यासारखं आहे. छत्तीस वर्षांची, ७८ सेंटिमीटर कंबर असलेली, दिवसभर शिलाई मशीनवर बसणारी आणि व्यायाम न करणारी बाई घ्या. वयाचे २०, श्रम नाहीत म्हणून ३०, कंबरेचे शून्य. आईवडिलांना मधुमेह नाही म्हणून तिथेही शून्य. एकूण ५०, म्हणजे ६० च्या खाली, आपल्या चौकटीत ‘धोका कमी’. पण तिच्या आईवडिलांनी आयुष्यात कधी साखर तपासलीच नसेल तर? ‘नाही’ आणि ‘माहीत नाही’ यांना कागदावर सारखेच शून्य गुण पडतात. जिथे मागच्या पिढीची तपासणी झालेली नाही, तिथे स्कोअरची सेन्सिटिव्हिटी छापलेल्या आकड्यापेक्षा कमी असण्याची भीती मला याच कारणाने वाटते. माहिती विचारताना ‘त्यांची साखर कधी तपासली होती का’ हा एक जोडप्रश्न विचारला, तर ही गळती निदान दिसते तरी.

सेन्सिटिव्हिटी हा चाचणीचा कायमचा गुण असतो, असं पुस्तकात सोयीसाठी लिहितात. प्रत्यक्षात ती कोणत्या रुग्णांत मोजली त्यावर हलते. हॉस्पिटलमध्ये पोचलेले रुग्ण जास्त आजारी असतात, ते सहज पकडले जातात, म्हणून तिथे ती फुगलेली दिसते. गावात सुरुवातीच्या टप्प्यातले रुग्ण असतात. मुळात हे दोन्ही शब्द आज ज्या अर्थाने आपण वापरतो, त्या अर्थाने ते जेकब येरुशाल्मी यांनी १९४७ मध्ये छातीच्या एक्स-रेच्या संदर्भात मांडले. क्षयासाठी सामूहिक एक्स-रे काढले जात होते आणि ते वाचणाऱ्या माणसांकडून किती सुटतं, किती उगाच धरलं जातं, याचं माप हवं होतं. चूक दोन जातींची असते आणि त्या वेगवेगळ्या मोजाव्या लागतात, ही ओळख एक्स-रेसमोर बसलेल्या डॉक्टरांच्या चुकांतून आली.

आता परत फळ्यावरच्या प्रश्नाकडे, कारण त्यात अजून एक सापळा उरला आहे आणि तो मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो.

वरची चौकट मी तुम्हाला पूर्ण भरून दिली. शिबिराच्या रजिस्टरमध्ये ती तशी नसते. ८६३ जणांचं रक्त तपासलं, म्हणून १४५ आणि ७१८ कळले. उरलेल्या ११३७ जणांना ‘धोका कमी’ म्हणून घरी पाठवलं. त्यांचं रक्त कुणी तपासलंच नाही. ५५ आणि १०८२ हे आकडे रजिस्टरमध्ये कुठेच नाहीत. मग त्या रजिस्टरवरून सेन्सिटिव्हिटी काढता येते का? नाही. स्पेसिफिसिटी? तीही नाही. खालची ओळ पूर्ण रिकामी आहे, त्यामुळे दोन्ही रकान्यांची बेरीज होत नाही. फक्त वरची आडवी ओळ भरली आहे, म्हणून फक्त पॉझिटिव्ह प्रेडिक्टिव्ह व्हॅल्यू निघते. स्टेममध्ये ‘पॉझिटिव्ह आलेल्यांचीच पुढची तपासणी केली’ असं वाक्य असेल आणि ऑप्शनमध्ये ‘दिलेल्या माहितीवरून काढता येत नाही’ असं असेल, तर ते गंभीरपणे घ्या. कधी कधी प्रश्न असतो की ‘या कार्यक्रमाची सेन्सिटिव्हिटी १०० टक्के आली, कारण काय?’ कारण हेच असतं. निगेटिव्ह लोकांना तपासलं नाही, त्यांना सगळ्यांना निरोगी धरलं, FN शून्य लिहिला आणि १४५ भागिले १४५ केलं.

परीक्षेबाहेर याचा परिणाम मी पाहिलेला आहे. खोटा इशारा मिळालेली ७१८ माणसं दिसतात. ती केंद्रात येतात, रांगेत उभी राहतात, साखर ठीक निघाली की चिडतात, सरपंचाकडे जातात. सुटलेली ५५ माणसं कुणाकडेच जात नाहीत, कारण आपण सुटलो हे त्यांना माहीतच नसतं. त्यामुळे तक्रारी नेहमी खोट्या इशाऱ्यांच्याच येतात आणि दबाव उंबरठा वर नेण्याचाच येतो. एका प्राथमिक केंद्रात गर्दी कमी व्हावी म्हणून ६० चा उंबरठा तोंडी ७० केला गेला होता. बोलावणी कमी झाली, बोलावलेल्यांत खऱ्या रुग्णांचं प्रमाण वाढलं, आणि मासिक बैठकीत ते सुधारणा म्हणून मांडलं गेलं. पॉझिटिव्ह प्रेडिक्टिव्ह व्हॅल्यू खरोखर वाढली होती. सेन्सिटिव्हिटीचं काय झालं हे विचारायला कागदावर रकानाच नव्हता.

खालची ओळ भरायला सगळ्या ११३७ जणांचं रक्त तपासायची गरज नाही. ‘धोका कमी’ आलेल्यांच्या यादीतून दर दहावा माणूस घ्या, साधारण ११४ जण होतील, आणि त्यांची साखर पक्क्या पद्धतीने तपासा. वरच्या तालुक्यात त्यांत पाच-सहा मधुमेही निघावेत. पाच निघाले तर दहाने गुणून सुटलेल्यांचा अंदाज ५० येतो, आणि सेन्सिटिव्हिटी १४५ भागिले १९५, म्हणजे सुमारे ७४ टक्के. आकडा लहान असल्याने हा अंदाज डळमळीत असतो. पाचाऐवजी योगायोगाने आठ निघाले असते तर तीच सेन्सिटिव्हिटी ६४ टक्के आली असती, म्हणून दोन-तीन गावांची यादी एकत्र करून नमुना मोठा घ्यावा. नमुना घेताना स्वतःहून ‘माझी पण तपासा’ म्हणत आलेल्यांना त्यात धरू नका. त्यांना बहुधा काहीतरी त्रास जाणवत असतो आणि सुटलेल्यांचा अंदाज फुगतो. त्यांची साखर जरूर तपासा, नोंद मात्र वेगळ्या पानावर करा.